परत घेतलेलं ‘तू’

ताई गेली आणि तिच्या खुर्चीवर धाकटी बसली. काम तेच: श्रवणयंत्रं विकणाऱ्या कंपनीची रशियातल्या ग्राहकांना जाणारी उत्तरं रशियनमध्ये करायची. साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की ग्राहकाला ‘तुम्ही’च, रशियन रीतीप्रमाणे नावापुढे वडिलांचं नाव लावून. एक तक्रार आली की नोकरी गेली समजा. धाकटीला ही नोकरी हवीच होती, घरात दुसरं कमावणारं कुणी उरलं नव्हतं.

संगणक जुनी वाक्यं भाषांतरासह साठवून ठेवतो आणि नवं वाक्य जुळलं की ते भाषांतर आपणहून सुचवतो, शेजारी अनुवादकाची आद्याक्षरं. एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या पत्राच्या उत्तरात मात्र तो सगळीकडे ‘तू’ सुचवू लागला. आद्याक्षरं ताईची. ताईसारखी काटेकोर बाई अशी चूक करते? धाकटीने कपाळाला हात लावला आणि प्रत्येक ‘तू’चं ‘तुम्ही’ केलं, क्रियापदंही त्याला जुळवली.

दुसऱ्या दिवशी बाईंचं उत्तर आलं. माझं काय चुकलं, असं त्यांनी विचारलं होतं. ‘तू’ म्हणायला त्यांनी वडीलकीच्या नात्याने स्वतः सांगितलं होतं, आणि एकदा ठरलेलं ‘तू’ परत घेणं म्हणजे रशियात तोंडावर दार लावणं.

धाकटी ओशाळली. ताई दोन महिन्यांपूर्वी वारली, मी तिची बहीण, ओळख नसताना ‘तू’ कसं म्हणू, असं तिने अगदी अदबीने कळवलं.

उत्तर दुपारच्या चहाआधीच आलं.

“म्हणजे दुपारी लिहिते ती तू. सकाळी तुझी ताईच लिहिते. आजही लिहिलं तिने. म्हणाली, धाकटीचं मनावर घेऊ नका, रागावली की ती ‘तुम्ही’ म्हणते. मलाही, सख्ख्या बहिणीला, वर्षभर म्हणत होती.”

धाकटीने ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. घराच्या वाटणीवरून भांडण झालं तेव्हापासून ती ताईला मुद्दाम अहो-जाहो करत होती. “तुम्ही जेवून घ्या”, “तुमचं औषध ठेवलंय”. शेवटच्या दिवशीसुद्धा. चार भिंतींच्या बाहेर हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ताई लोकांना सांगत बसणारी नव्हती.

तिने आजूबाजूला पाहिलं. लख्ख ऊन होतं, शेजारच्या टेबलावर कुणीतरी फोनवर हसत होतं. सकाळी तर तिचं स्वतःचं टेबल रिकामंच असायचं, ती रोज बाराला येत होती.

तिने नवी चौकट उघडली. डावीकडे, मूळ मजकुराच्या जागी, वर्षभर विचारायचं राहिलेलं वाक्य मराठीत टाइप केलं: ताई, तू माझ्यावर रागावलीस का?

संगणकाने क्षणभर विचार केला. मग हिरवी पट्टी आली: शंभर टक्के जुळणी. उजवीकडे रशियनमध्ये एक वाक्य उमटलं. ते प्रश्नाचं भाषांतर नव्हतं. अनुवादक ताई, तारीख आजची.

नाही गं. रागावली होतीस तू.