पाचवा प्रश्न

उत्तरपत्रिका पाहिली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलगी इंग्रजीत दोन गुणांनी नापास, आणि पाचव्या प्रश्नातल्या तिच्या तिन्ही बरोबर उत्तरांवर लाल फुल्या!

‘दे मेड हिम वेट’ हे वाक्य ‘ही’पासून सुरू करून पुन्हा लिहायचं होतं. तिनं लिहिलं होतं, ‘ही वॉज मेड टू वेट.’ पुढे ‘शी वॉज सीन टू लीव्ह’ आणि ‘ही वॉज हर्ड टू शाउट’. मेक, सी, हिअर यांच्या साध्या वाक्यात ‘टू’ नसतो, पण वाक्य असं फिरवलं की तो यावाच लागतो. तीस वर्षं घसा कोरडा करून मी हेच शिकवतोय.

“सर, नर्सिंगच्या तयारी-वर्गाच्या प्रवेशाला आज पाचपर्यंत निकालपत्र द्यायचंय,” तिची आई म्हणाली. मुलगी मान खाली घालून उभी होती. घड्याळात तीन वाजले होते.

मी तरातरा शिक्षक-खोलीत गेलो. पेपर नव्या बाईंनी तपासला होता.

“बाई, हे काय दिवे लावलेत? एवढंही येत नाही?”

बाई लालबुंद झाल्या, पण आवाज न चढवता त्यांनी कपाटातून उत्तरसूची काढून माझ्यापुढे ठेवली.

‘ही वॉज मेड वेट.’ ‘शी वॉज सीन लीव्ह.’ ‘ही वॉज हर्ड शाउट.’ खाली शिक्का होता, ‘तपासले’. आणि शिक्क्यावर माझी सही.

“मी तुम्हाला विचारायला आले होते सर. तुम्ही म्हणालात, सूचीप्रमाणे तपासा, उगाच डोकं चालवू नका.”

म्हणालो होतो. चहा पीत, मान वर न करता म्हणालो होतो. सहीसुद्धा तशीच ठोकली होती. न वाचता! दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी त्याला सोलून काढलं असतं. आता कुणाला सोलू?

“माफ करा, बाई,” मी सगळ्यांसमोर म्हणालो.

आवाज ऐकून आलेले मुख्याध्यापक म्हणाले, “टायपिस्टची चूक म्हणून टाकू. तुमचं नाव कशाला?”

“टायपिस्टला इंग्रजी शिकवायचा पगार मिळत नाही,” मी ओरडलोच. “सही माझी आहे. तसं लिहून घ्या, आणि सगळे पेपर पुन्हा तपासायला द्या.”

चार वाजून दहा मिनिटांनी सुधारलेलं निकालपत्र मी मुलीच्या हातात दिलं. चूक माझी होती, हेही तिला आणि तिच्या आईला सांगितलं. आईनं ते तिच्याकडून घेऊन पिशवीत घातलं आणि ती घाईनं दाराकडे वळली.

मुलगी जाता जाता थांबली.

“निकालानंतर सगळे म्हणत होते, ‘टू’ नको होता. मी वहीत तिन्ही ठिकाणी खोडला, सर. मला वाटलं, तुम्ही शिकवताना मीच चुकीचं ऐकलं.”