सहा तारखा

नकाशे काढणारा लहानपणापासून बोलताना अडखळायचा. बांधकाम कंपनीतल्या त्या ऑफिसात अकरा वर्षांत कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. मग गेल्या वर्षी नवा इंजिनिअर आला. मीटिंगमध्ये हा बोलायला लागला की तो घड्याळ बघायचा, याच्या अडखळण्याची नक्कल करायचा आणि लोक हसायचे.

शेवटी त्याने तक्रार लिहिली. एचआरच्या बाईंनी ती शांतपणे वाचली.

"'सतत पाणउतारा करतात' असं लिहिलंय. तुम्हाला काय सोसावं लागलं ते कळतंय मला. पण चौकशीला घडलेलं लागतं. तारीख, जागा, नेमके शब्द, कोण हजर होतं. आणि त्याचा तुमच्या कामावर काय परिणाम झाला तो. त्यांच्या मनात काय होतं ते लिहू नका."

घरी तो जेवणाच्या टेबलावर लिहायला बसला. पक्क्या आठवणाऱ्या तारखा सहा निघाल्या. पहिलीपुढे त्याने इंजिनिअरचे शब्द लिहिले: "न-न-नकाशा कधी देणार, की वाक्यच पुढच्या महिन्यात संपणार?" स्वतःचं अडखळणं दुसऱ्याच्या तोंडचं म्हणून लिहिताना त्याचा हात थांबला. बायको मागे उभी राहून वाचत होती.

"वर्षभर हे चाललं होतं? मला का नाही सांगितलंस?"

"सांगायला ब-बोलावं लागलं असतं."

ती खुर्ची ओढून शेजारी बसली. साक्षीदार म्हणून त्याने सहाही ठिकाणी एकच व्यक्ती लिहिली, शेजारच्या टेबलावरचा दोस्त. बाकी कुणाचा भरवसा वाटला नाही.

तक्रार मिळाल्याची पोच आली. बाईंनी इंजिनिअरचं म्हणणं लेखी घेतलं, हजर असलेल्यांना एकेकटं बोलावलं. महिन्याभराने त्यांनी याला सांगितलं, तक्रारीत तथ्य आढळलं. इंजिनिअर 'ती गंमत होती' म्हणाला, पण त्याला लेखी ताकीद दिली आहे, आणि यापुढे तो दुसऱ्या टीममध्ये असेल.

याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. दोस्ताला शोधत तो चहाच्या मशीनपाशी गेला.

"थ-थँक्स. तू खरं बोललास."

दोस्त कपाकडे बघत राहिला. "सगळं सांगितलं. तारखाही बरोबर होत्या. मग बाईंनी विचारलं, 'तेव्हा तुम्ही काय केलंत?' म्हटलं, हसलो."

त्या मीटिंगांमध्ये याची मान खाली असायची. हसणारी तोंडं त्याने कधी पाहिलीच नव्हती.

"क-कितीदा?"

"सहाही वेळा. सगळे हसायचे रे. तुला नव्हतो हसत."

याला काहीतरी म्हणायचं होतं. पहिलं अक्षरच फुटेना. दोस्त थांबला, मग त्यालाही थांबवेना; कप घेऊन तो निघून गेला.

अकरा वर्षं दोघं दुपारी एकत्र जेवायचे. त्या दुपारी याने डबा आपल्याच टेबलावर एकट्याने उघडला आणि तसाच बंद केला.