मागच्या बाकावरून शून्य

मल्हारी गुरुजी बोलायला लागले की समोरच्याने चहा मागवावा, पिऊन टाकावा, कपबशी विसळून ठेवावी, तरी गोष्ट अर्ध्यावरच असायची. त्या दिवशी द्वारका चौकातून शाळेकडे चालताना त्यांनी साधनाला सुरगाण्याच्या रॅम्पची गोष्ट सांगितली. तिथल्या एका शाळेत म्हणे रॅम्प असा गुळगुळीत घोटला होता, की तपासायला आलेले साहेब वरून जे घसरले ते थेट पेठ तालुक्यात जाऊन थांबले. प्रवासभत्ता मात्र त्यांनी सुरगाण्याचाच लावला.

"आणि परत कसे आले गुरुजी?" साधनाने विचारलं.

"तर काय सांगत होतो," गुरुजी म्हणाले आणि पुढची गोष्ट सुरू झाली.

ही त्यांची युक्ती होती. बोलणाऱ्या माणसाला ऐकावं लागत नाही. डावा कान पाच वर्षांपूर्वी गेला, उजवा त्याच्या मागोमाग निघाला. निवृत्त झाल्यावर गुरुजींनी आधी बागेतला कट्टा सोडला, मग लग्नकार्यं सोडली. मनमाडला रेल्वेत असलेल्या मुलाचा रविवारी फोन येई, तेव्हा ते "सगळं ठीक, तुम्ही सांभाळून राहा" एवढं एका दमात म्हणून फोन ठेवून देत. मुलाला वाटे, बाबा तुटक झाले. कानाचं मशीन ट्रंकेत, धोतराच्या घडीत पडून होतं. ते लावलं की लोक मोठ्याने आणि सावकाश बोलू लागतात, आणि मग बोलेनासेच होतात, असं त्यांनी एकदा अनुभवलं होतं.

राहिलं होतं एवढंच काम. शाळा सर्व मुलांना सामावून घेते का, याची तपासणी. शिक्षण अभियानाच्या कार्यालयाने निवृत्त मुख्याध्यापक आणि विशेष शिक्षक अशा जोड्या लावल्या होत्या. महिन्यातून आठ-दहा दिवस कोणीतरी शेजारून चालायचं. गुरुजींसाठी ते फार होतं.

तपासणीसूचीचे तीन भाग होते: इमारत, वर्गखोली, अध्यापन. प्रत्येक बाबीला शून्य, एक किंवा दोन गुण. शेवटी शिफारशी, त्याही क्रमाने. क्रम लावताना आधी बघायचं की आज कोणाचं शिकणं अडलंय, मग किती जणांचं, मग ते किती लवकर दुरुस्त होईल. खर्च सगळ्यात शेवटी. गुरुजी टेप घेऊन इमारत मोजत, साधना मुलांशी आणि शिक्षकांशी बोले. टेप कधी कुजबुजत नाही.

पण या फेरीला नवा नियम आला होता. तिसरा भाग दोघांनी वेगवेगळा भरायचा, एकाने पुढे बसून, दुसऱ्याने मागे, आणि गुण एकमेकांना दाखवायचे नाहीत.

शाळा हमरस्त्याला लागून होती. मुख्याध्यापिका मंगलाबाई फाटकातच उभ्या होत्या, आणि त्यांच्यामागे नवाकोरा रॅम्प, पिवळ्या रंगाने रंगवलेला.

"बघा गुरुजी, आपल्याकडे सगळं आहे."

गुरुजींनी टेप लावला. जोतं दोन फूट उंच. रॅम्प सात फूट लांब.

"बाई, फुटाला बारा फूट लागतात. दोन फुटांना चोवीस. हा रॅम्प नाही, ही घसरगुंडी झाली. कठडाही नाही."

"पण आमच्याकडे चाकाच्या खुर्चीवालं मूलच नाही!"

"कसं असेल बाई?" साधना म्हणाली. "ते मूल फाटकापर्यंत आलं, हे बघितलं आणि परत गेलं."

मंगलाबाई हिरमुसल्या. मग त्यांनी साधनाला बाजूला घेतलं. गुरुजी त्यांचे ओठ पाहत होते, पण बाईंनी तोंडापुढे पदर धरला होता. नंतर साधनाने वहीत लिहून दाखवलं, कारण ट्रकांच्या रांगेत तिलाही ओरडावं लागलं असतं. चौथीत इन्शा नावाची मुलगी आहे, ऐकू कमी येतं. मशीन मिळालंय, पहिला बाक मिळालाय, तरी प्रगती नाही. बाईंनी तिच्या वडिलांना, रहेमानभाईंना, सांगितलंय की मूकबधिरांच्या निवासी शाळेत घाला. त्यांचं मन नाही. पण तपासणीत अध्यापनाचे गुण पूर्ण आले, की शाळेने सगळं करून पाहिलं असं ठरतं. मग बाई दाखला काढून देणार.

म्हणजे आज एका मुलीचा दाखला या कागदावर अवलंबून होता.

चौथीच्या वर्गात साधना पुढे बसली. गुरुजी मागे गेले. पहिल्या बाकावर 'इन्शा' असं खडूने लिहिलं होतं, आणि तिथे दोन वेण्यांची मुलगी ताठ बसली होती. गुरुजींनी पस्तीस वर्षं वर्ग पाहिलेले. त्या बाकावर एक रेघ नव्हती, शाईचा डाग नव्हता. आणि गुरुजी ज्या मागच्या बाकावर बसले, रस्त्याच्या खिडकीशी, त्यावर कर्कटकाच्या टोकाने कोरलेलं एक फूल होतं, आणि फुलाखाली तेच नाव.

तिची खरी जागा कोणती, ते मधल्या सुट्टीनंतर सिद्ध झालं. खिचडी खाऊन मुलं आली, आणि इन्शा सवयीने सरळ मागे येऊन गुरुजींच्या शेजारी बसली. यादव सरांच्या लक्षातच आलं नाही. सकाळी बाक बदललाय हे सगळेच विसरले होते.

यादव सर हौशी शिक्षक. गोदावरीचा उगम शिकवत होते. फळ्याकडे तोंड करून नकाशा काढत आणि काढता काढताच बोलत. खडू गंगापूरला पोहोचे तोवर बोलणं पैठणला गेलेलं असे. मध्येच त्यांनी काहीतरी विनोद केला. खांदे हलले तेवढे गुरुजींना दिसले. वर्ग हसला.

गुरुजींनी पोरांचे चेहरे पाहिले आणि हसले. अगदी अर्धा क्षण उशिरा.

त्याच अर्ध्या क्षणाने शेजारून इन्शाही हसली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मुलीचं हसू तिथंच थिजलं. तिने पटकन ओढणी छातीवरच्या मशीनच्या डबीवर ओढून घेतली. गुरुजींना वाटलं, आपला खिसा कोणीतरी उलटा केला आणि आतलं सगळं बाकावर सांडलं.

त्यांनी हात पुढे केला. तिने बराच वेळ विचार करून डबी दिली. आत पेन्सिल सेल होता, फुगलेला, पांढरी बुरशी धरलेला. गुरुजींनी तिच्या पाटीवर लिहिलं: 'कधीपासून?'

तिने लिहिलं: 'दिवाळी.' मग पाटी पुसून पुन्हा: 'सांगू नका. मशीन असलं की कोणी विचारत नाही.'

फेब्रुवारी चालू होता. गुरुजींनी पाटी तिला परत दिली. बाब क्रमांक सदतीससमोर, 'शिक्षकांचे बोलणे शेवटच्या बाकापर्यंत समजते', त्यांनी शून्य लिहिलं. पेन जोरात टेकलं, कागद फाटला.

शेवटची बैठक मंगलाबाईंच्या खोलीत झाली. टेबलावर भजी. साधनाने दोघांचे कागद शेजारी ठेवले आणि थबकली.

"सदतीसला माझे दोन आहेत. गुरुजींचे शून्य."

यादव सर उठूनच उभे राहिले. "शून्य? अहो, माझा आवाज द्वारकेच्या हवालदाराला ऐकू जातो! बोलवा पोरांना. विचारा."

"मलाही नीट ऐकू आलं," साधना म्हणाली. ती आता गुरुजींकडे वळून, शब्द सुटे करून बोलत होती. "दोन गुणांचा फरक आला की सरासरी काढता येत नाही, गुरुजी. पाहिलेलं कारण लिहावं लागतं. खाली सही. नाहीतर माझे दोन कायम होतील."

दोन कायम म्हणजे दाखला.

गुरुजींनी भजं उचललं, ठेवलं. जिभेवर गोष्ट तयार होती. येवल्याच्या शाळेतल्या पोपटाची, जो मागच्या बाकावर बसून पाढे म्हणायचा. पंधरा मिनिटं सहज निघाली असती. सगळे हसले असते, आणि कागद तसाच वर गेला असता.

"ट्रक फार जातात हो," त्यांनी चाचपून पाहिलं.

"ट्रक मलाही ऐकू आले," यादव सर म्हणाले. "आणि माझा आवाजही आला. कारण सांगा की!"

मंगलाबाईंनी हळूच घड्याळाकडे पाहिलं. बाहेर व्हरांड्यात रहेमानभाई टोपी हातात घेऊन उभे होते, मुलीला न्यायला आलेले. इन्शा खांबाला टेकून आत बघत होती. तिची नजर कोणाच्याच डोळ्यांवर नव्हती. सगळ्यांच्या ओठांवर होती.

गुरुजींनी पेन उघडलं आणि लिहिता लिहिताच बोलले, म्हणजे कोणाचं काही ऐकावं लागणार नाही.

"कारण: निरीक्षक मल्हारी सखाराम गांगुर्डे यांना डाव्या कानाने मुळीच व उजव्याने अर्धवट ऐकू येते. संबंधित विद्यार्थिनीच्या नेहमीच्या जागी बसून त्यांना एकही वाक्य समजले नाही. शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलत असल्याने ओठही दिसले नाहीत. निरीक्षक वर्ग हसला की हसले. विद्यार्थिनीही तसेच करते."

खोलीत कोणीतरी काहीतरी म्हणालं असेल. गुरुजींनी मान वर केली नाही. सही केली.

यादव सर खाली बसले. मग त्यांनी टेबलावर बोटांनी टकटक करून गुरुजींचं लक्ष वेधलं, आणि समोर तोंड आणून, ओठांवर आलेली मिशी दोन बोटांनी वर धरून म्हणाले, "मला कोणी सांगितलं नाही हो, गुरुजी."

शिफारशी त्याच टेबलावर लागल्या. पहिली: आधी लिहावे, मग वर्गाकडे तोंड करून बोलावे, विद्यार्थिनीला दुसऱ्या बाकावर, रस्त्यापासून दूर, शिक्षकांच्या चेहऱ्यावर उजेड असेल अशा जागी बसवावे, सोमवारपासून. दुसरी: मशीनचा सेल रोज सकाळी तपासावा, जबाबदार व्यक्तीचे नाव लिहावे. तिथे यादव सरांनी स्वतःचं नाव टाकलं. तिसरी: चौथीचा वर्ग आणि मागचं कोठार यांची अदलाबदल, उन्हाळ्याच्या सुट्टीत. चौथी: रॅम्प आजच दोरी लावून बंद करावा, बाराला एक या उताराने, कठड्यासह नवा बांधावा. मंगलाबाईंना पिवळा रंग चौथ्या क्रमांकावर गेल्याचं दुःख झालं, पण दाखल्याचं पुस्तक त्यांनी कपाटात ठेवलं.

परतताना गुरुजींनी गोष्ट सांगितली नाही. साधना उजव्या बाजूने चालत होती. गुरुजींना आठवलं, गेल्या चार शाळांपासून ती उजव्याच बाजूने चालत होती.

महिन्याभराने कार्यालयाचं पत्र आलं. भाषा फार गोड होती. आपल्या प्रकृतीचा विचार करता पुढील फेरीत आपणास त्रास देणे उचित वाटत नाही. गुरुजींनी ते घडी करून ट्रंकेत, मशीनशेजारी ठेवलं. साधनाची बदली पुढे सटाण्याकडे झाली. रविवारचा फोन येत राहिला, आणि ठेवला जात राहिला.

जूनच्या शेवटी ते भाजी घ्यायला द्वारकेवर आले आणि पाय शाळेमागच्या गल्लीत वळले. चौथीचा वर्ग कोठारात आला होता. खिडकीला गज, आत ट्यूबलाईट. इन्शा आता पाचवीत असणार, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. पण तोच वर्ग पाचवीत जाऊनही त्याच खोलीत बसत होता, आणि यादव सर वर्गासोबत वर चढले होते. त्यांची मिशी पार कातरलेली होती.

सरांनी फळ्यावर लिहिलं. खडू ठेवला. वळले. बोलले.

वर्ग हसला. दुसऱ्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगीही हसली, ना आधी, ना नंतर. सगळ्यांच्या बरोबर.

गल्लीत भाजीची पिशवी धरून उभे असलेले मल्हारी गुरुजीही हसले. अर्धा क्षण उशिरा. पाहायला तिथे कोणी नव्हतं.