दीड मिनिटात भरोसा

दीड मिनिटात कुणाचा कुणावर भरोसा बसतो का? अहो, आपल्याकडं सोयरीक करायची तर मामाच्या मामापर्यंत चौकशी होते, तरी लग्नात कुणीतरी रुसून बसतंच. पण पुण्याच्या प्रदर्शनवाल्यांनी फर्मान काढलं, यंदा प्रत्येक स्टॉलनं आपली दीड मिनिटाची फिल्म सीडीवर आणावी. धंदा कुणी काढला, काहून काढला, माल कसा बनतो, सगळं त्यात. स्टॉलवर टीव्ही राहील आणि फिल्म दिवसभर त्यावर फिरत राहील.

हे फर्मान शिलालाही आलं. वारंगा फाट्यापासून आत तिचा तांडा. तिथल्या बायांना घेऊन ती मण्यांचे, कवड्यांचे, आरशांचे, गिलटाच्या घुंगरांचे हार आणि कानातले करायची. नाव ठेवलं होतं 'गोरणी'. गोरणी म्हणजे बंजारा बाई. मागच्या साली ती पहिल्यांदा पुण्याला गेली, तर शेजारच्या स्टॉलवाल्यानं मशीनचा माल हाताचा म्हणून खपवला. दोन दिवसांत तो काळा पडला आणि गिऱ्हाईक भांडायला आलं. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसं झालं. मग शिलाच्या स्टॉलपुढं येऊनही बाया नुसत्या नाक मुरडून जायच्या. "हाताचं म्हणे! सगळे असंच सांगतात." अर्धा माल पोत्यात घालून ती माघारी आली. तांड्यातल्या बाया तोंडावर काही बोलल्या नाहीत, पण यंदाही माल माघारी आला तर सुई ठेवून नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायचं, हे त्यांचं आपसात ठरलं होतं. शिलाला ते बराबर ठाऊक होतं. एकदा का त्या गेल्या की 'गोरणी' संपलं, आणि त्याबरोबर तीही.

म्हणून तिनं कळमनुरीच्या आसिफला गाठलं. आसिफ लग्नाची शूटिंग करायचा, केबलवर दुकानांच्या जाहिराती करायचा. गडी बोलका, आणि कामाला पक्का. सकाळीच मोटरसायकलवर कॅमेरा आणि स्टँड बांधून आला, चहा पिला, आणि खिशातून लिहिलेला कागद काढला.

"हे बघा वहिनी, प्रदर्शनात माणूस चालता चालता बघतो. पहिल्या दोनचार सेकंदांत तुमचा चेहरा आणि तुमची गोष्ट दिसली न्हाई, तर तो पुढं गेला. मग हात दाखवायचे, काम करणारे. मग एक गोष्ट अशी सांगायची जी तो तिथंच तपासून बघंल. मग मालात काय कमी हाय ते आपणच सांगायचं."

"कमी कशाला सांगायचं?"

"कमी सांगितली की बाकीचं खरं वाटतं. गिलट हाय, चांदी न्हाई, असं तोंडानं म्हणायचं. शेवटी वचन आणि फोन नंबर. बस."

हे शिलाला पटलं. आसिफ वाचायला लागला. "मी शिला. लहानपणी आजीच्या मांडीवर बसून मी पहिला मणी ओवला..."

"थांबा, थांबा. माझ्या आजीला दिसतच नव्हतं. ती काय ओवती डोंबलं! मला सासूनं शिकवलं."

"आजी चालती हो वहिनी. सासू म्हणलं की लोक हसतात."

शिलालाही हसू आलं. पण ते फार टिकलं नाही. सासूनं कधी शिकवलं, ते तिला आठवलं. तिचा नवरा रणजीत ट्रकवर होता. फाट्याच्या पुढं ट्रक उलटला आणि घरी त्याचं नुसतं सामान आलं. त्यानंतर शिला भिंतीला टेकून बसून राहायची, भाकरीकडंही बघायची नाही. सासूनं, मिराबाईनं, एक दिवस तिच्या मांडीवर मण्यांचं ताट आदळलं आणि म्हणाली, "बस, पण हात चालव." धंद्याची सुरुवात ती अशी. त्यात गोड असं काही नव्हतं.

"बरं, पुढं?" ती म्हणाली.

"पुढं तुमी घुगरी बांधता, आरशात बघता, हसता. हा शॉट मेन हाय."

घुगरी म्हणजे कानशिलावर केसांत बांधून गालावर सोडायचा चांदीचा झुबका. आसिफनं तांड्यांवरच्या लग्नांत तो ढीगभर बघितला होता. त्याला वाटलं, दागिना आहे, बाईनं घातला. पण घुगरी सवाष्णीची. नवरा गेला की ती उतरते आणि पुन्हा कधी केसांत चढत नाही. आसिफला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि लग्नातल्या शूटिंगमध्ये ते कळणारही कसं?

शिला हे सांगणार होती, पण तिला एक आठवलं. मागच्या साली पुण्यात एका बाईनं घुगरी हातात धरून विचारलं होतं, "इतकं छान करता, मग तुम्ही स्वतः का नाही हो घालत?" शिला हार सारखे करत राहिली, आणि बाईनं घुगरी खाली ठेवली होती. गिऱ्हाइकाला तेच बघायचं असतं. आणि पुण्यात कुणाला काय ठाऊक? तांड्यातलं कोण तिकडं बघायला जाणार आहे? मिराबाई तर रानात गेलेली. मेटाकुटीला आलेल्या माणसाला असलेच विचार सुचतात, दुसरं काय.

तिनं विक्रीची नवी, गिलटाची घुगरी घेतली आणि आसिफकडं पाठ करून बांधली. गालाला धातू लागला. इतक्या वर्षांनीही गालाला सगळं ठाऊक होतं. आसिफ कॅमेऱ्याच्या मागून म्हणाला, "वा वहिनी! जरा हसा." ती हसली. हसली तर खरं, पण डोळे भरून आले, म्हणून आसिफनं पुन्हा घ्यायचं म्हटलं. आणि पुन्हा घेताना दारात मिराबाई उभी.

डोक्यावर सरपणाचा भारा तसाच. तिच्या स्वतःच्या गालावर घुगरी होती, तिचा नवरा वसराम अजून होता ना. तिनं भारा खाली टाकला, पुढं आली, आणि शिलाच्या केसांतली गाठ सोडायला लागली. रणजीत गेला त्या दिवशीही याच हातांनी गाठ सोडली होती. तेव्हा ती रडत होती. आता रडतही नव्हती, हे जास्त वाईट होतं.

"याडी, फिल्मपुरतं..." शिला म्हणाली. याडी म्हणजे आई. सासूला ती तेच म्हणायची.

"फिल्मपुरतं माझं पोरगं जित्तं झालं का?"

आसिफचा चेहरा उतरला. "मावशी, चूक माझी हाय. मला मालूम नव्हतं. कसम से."

"तुला न्हाई रे बाबा. हिला मालूम होतं."

शिलाला ते सुईसारखं टोचलं. लाज वाटली, आणि लाजेबरोबर रागही आला. कुणाचा, ते तिचं तिलाच कळेना. ती कॅमेऱ्याकडं वळली आणि घुगरी हातात धरून म्हणाली, "ही मी बनवते. मला ही घालता येत न्हाई. माझा नवरा गेला. जे मला घालता येत न्हाई ते दुसरीच्या अंगावर बराबर बसावं, म्हणून मी एकेक टाका दोनदा बघते." आणि खाली बसली.

कॅमेरा चालूच होता. आसिफचे डोळे चमकले. त्याचं काम तेच, त्याला दोष तरी काय द्यायचा! "वहिनी, हेच! आजी गेली खड्ड्यात. फिल्म ह्याच्यापासूनच सुरू करू. घरात रणजीतभाऊंचा फोटो असंल ना? हार घातलेला? एक सेकंद तो दाखवू, मग तुमचा चेहरा. पब्लिक जागेवर थांबंल."

"फोटो?" मिराबाई म्हणाली. "माझ्या पोराचं मरण टीव्हीवर लावून दागिने विकून राहिले का तुमी?"

शिलाला म्हणायचं होतं, की तो माझाही नवरा होता, मरण माझ्याही वाट्याला आलं, ते सांगायचा हक्क मलाही आहे. हे खरंच होतं. पण तिला डोळ्यांपुढं पुण्याचा हॉल दिसला. बाजूच्या स्टॉलवर लोणची, समोर पापड, आणि मधे दिवसभर दर दीड मिनिटाला रणजीत मरतोय. संध्याकाळपर्यंत किती वेळा मरणार तो? बाया थांबतील, चुकचुकतील, कानातलं घेतील.

"काढून टाका आसिफभाई," ती म्हणाली. "मी बोलले ते सगळं."

"वहिनी, त्याच्याबिगर फिल्ममध्ये जीव न्हाई हो. विचार करा. यंदाही माल माघारी आला तर बाया..."

"मला ठाऊक हाय. काढा."

आसिफनं मान हलवली. मग त्यांनी साधं घेतलं. शिला पायरीवर बसून मणी ओवतेय. हात जवळून. "मी शिला. वारंगा फाट्याजवळच्या तांड्यावर आमी हे बनवतो. हे गिलट हाय, चांदी न्हाई. मागून उलटं करून बघा, हाताची गाठ दिसंल, ती मशीनला येत न्हाई. मणी निघाला तर पाठवा, आमी फुकट ओवून देऊ." आणि फोन नंबर. सगळं खरं, बराबर जागच्या जागी. आसिफनं कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर दाखवलं. शिलानं बघितलं आणि तिचं मन खचलं. शाळेत इन्स्पेक्टरपुढं पोरगी कविता म्हणते, तसं चाललं होतं. तीच गिऱ्हाईक असती तर पुढं गेली असती.

"चांगलंच हाय," आसिफ म्हणाला, पण त्याचा आवाज पडलेला होता. कॅमेरा आवरायच्या आधी त्यानं तो चालू करून मिराबाईकडं वळवला. ती कोपऱ्यात मणी निवडत बसली होती, कुणाकडं न बघता. "मावशी, तुमीच सांगा. कुणी परकी बाई पुण्यात विचारंल, ह्या शिलावर भरोसा काहून ठेवायचा? काय सांगाल?"

शिलाला वाटलं, आता शिव्या येणार. आणि त्या खायची तिची तयारीही होती.

मिराबाईनं हातातले मणी ताटात टाकले. कॅमेऱ्याकडं बघावं की आसिफकडं, हे तिला कळेना, म्हणून ती शिलाकडंच बघून बोलली.

"माझं पोरगं गेलं. हिचं वय काय, माहेरी जायचं होतं, दुसरं घर करायचं होतं. भाऊ न्यायला आलता, बैलगाडी दारात उभी होती. म्या बी म्हणलं, जाय. ही गेली न्हाई. माझ्यापाशी राहिली."

तिनं ताटातला एक मणी उचलला आणि परत टाकला.

"माल खरा का खोटा, ते तुमी बघा," मिराबाई म्हणाली. "माणूस खरं हाय."

शिलानं तोंडाला पदर लावला. बैलगाडी परत गेली त्या दिवसापासून मिराबाईनं हे एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. शिलाला इतकी वर्षं वाटत आलं होतं, की आपण या घरात नको असताना राहिलो.

आसिफनं कॅमेरा बंद केला आणि हळूच विचारलं, "मावशी, हे ठेवू का? यात रणजीतभाऊंचं येतं."

मिराबाईनं ताट पुन्हा पुढं ओढलं. शिला तिच्याकडं बघत होती, आणि काय उत्तर आलं तर आपल्याला बरं वाटेल हे तिला खरंच माहीत नव्हतं.

"फोटो नको," मिराबाई म्हणाली. "म्या बोललं ते ठेव. ते त्याच्याबद्दल न्हाई, हिच्याबद्दल हाय."