तीन हिरवे दिवे

ऑफिसात तिला सगळे कात्री म्हणायचे. विक्रेते आपल्या मालाचं वर्णन लांबण लावून पाठवायचे आणि ती ते कापून दुकानाच्या ॲपवर बसेल एवढं करायची. वर्षानुवर्षं हाताने केलं. मग लिहिणारं एआय मॉडेल आलं आणि कात्रीच्या हातात कापायला काही उरलं नाही. आता माहितीपत्रक एका बाजूने आत जायचं, मॉडेल त्यावरून वर्णन लिहायचं, आणि ते तीन तपासण्यांतून जायचं. लांबी मर्यादेत आहे का? बंदी यादीतला शब्द आलाय का? माहितीपत्रकात नसलेलं काही मॉडेलने पदरचं घातलंय का? स्क्रीनवर तिन्ही तपासण्यांचे दिवे हिरवे झाले की ते वर्णन, म्हणजे लिस्टिंग, थेट ॲपवर. एखादा लाल झाला तर चूक काय झाली ते सांगून मॉडेलला पुन्हा लिहायला लावायचं. कात्रीचं काम उरलं दिव्यांवर नजर ठेवायचं. साहेब तर येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दिवे दाखवायचे, जणू घरात बारसंच आहे.

त्या दिवशी दुपारी सासूबाईंचा फोन आला. सासूबाई ऑफिसात फोन करत नसत. गुडघे धरले तरी संध्याकाळपर्यंत कळ काढायच्या. पण सकाळी त्यांनी ॲपवर गॅसचा हीटर पाहिला होता, आणि सुनेच्याच ऑफिसातून त्याचं वर्णन गेलंय हे त्यांना ठाऊक होतं, कारण आदल्या दिवशी जेवताना कात्रीच बोलली होती. लहान खोलीसाठी आहे, आवाज नाही, वीज लागत नाही, सगळं त्यांनी वाचलं होतं. एवढंच विचारायचं होतं की दारं-खिडक्या लावून रात्रभर चालू ठेवला तर गॅस किती जळेल.

"आई, मागवू नका. मी सांगेपर्यंत हात लावू नका," एवढंच बोलून कात्रीने फोन ठेवला आणि हीटरचं माहितीपत्रक उघडलं.

तिथे सरळ शब्दांत लिहिलं होतं. बंद खोलीत वापरल्यास विषारी वायू साचून मृत्यू होऊ शकतो. लिस्टिंगमध्ये यातलं अक्षर नव्हतं. आणि दिवे? तिन्ही हिरवेगार.

तिने मॉडेलच्या सगळ्या प्रयत्नांची नोंद काढली. पहिल्या वर्णनात इशारा होता. पण ते लांब होतं, शिवाय 'विषारी' आणि 'मृत्यू' हे दोन्ही शब्द बंदी यादीत. उंदरांच्या औषधवाल्यांनी एकदा भडक वर्णनांचा धुमाकूळ घातला होता, तेव्हा ते घातलेले. त्यामुळे वर्णन परत गेलं, शब्द काढा आणि छोटं करा असं सांगून. दुसऱ्या खेपेला इशारा अर्धा झाला, तरी लांबी जास्तच. तिसऱ्या खेपेला मॉडेलने सांगितलेलं सगळं केलं. शब्द गेले, लांबी बसली. इशाराही गेला.

ती तडक शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवाल्या प्रोग्रामरकडे गेली. तिसरी तपासणी त्याने बांधली होती. पदरचं घातलं तर पकडते, हे त्याने अभिमानाने सांगितलं. आणि पत्रकातलं गाळलं तर? चष्मेवाल्याने मान्य केलं की ते तपासणीला कुणी विचारलेलंच नाही. वर्णनातलं प्रत्येक विधान पत्रकात आहे का, एवढंच ती पाहते. उलट्या दिशेने कुणी पाहत नाही.

"म्हणजे खोटं बोललं की पकडाल आणि गप्प बसलं की हिरवा दिवा," कात्री म्हणाली.

तिने आधी हीटरची लिस्टिंग ॲपवरून उतरवली. तो अधिकार तिला होता, फक्त आजवर तिने तो वापरला नव्हता. मग चष्मेवाल्याला खुर्चीला खिळवून चौथी तपासणी लिहून घेतली: पत्रकातली सुरक्षेची प्रत्येक सूचना वर्णनात आहे का ते बघ, नसेल तर थांब आणि माणसाला बोलाव. बिचारा निमूटपणे बसला. त्याच्याही घरी म्हातारी माणसं होतीच.

आता मॉडेलला नीट सांगितलं, इशारा ठेवच. त्याने लिहिलं, 'हवेशीर खोलीत अधिक सुखद ऊब.' तिसरी तपासणी लाल झाली, कारण सुखद-बिखद पत्रकात नव्हतं. चौथीही लाल, हे वेगळं सांगायला नको. आणखी स्पष्ट सांगितल्यावर त्याने लिहिलं, 'वापरताना खिडकी उघडी ठेवा.' वाक्य वाईट नव्हतं, पत्रकातही होतं. चारही दिवे हिरवे झाले. पण कात्री सासूबाईंना ओळखून होती. थंडीत खिडकी उघडा म्हटलं तर त्या आधी विचारतील, का म्हणून? आणि कारण मिळालं नाही की वरून पडदाही ओढतील.

शेवटी तिनेच कीबोर्ड ओढला. 'बंद खोलीत लावू नका, जीव जाईल.' बंदी यादी काही बोलली नाही. तिसरी तपासणी मात्र लाल झाली: पत्रक म्हणतं होऊ शकतो, तुम्ही ठाम सांगताय. कात्रीला हसूच आलं. बरोबर होतं की तपासणीचं! तिने 'जाऊ शकतो' केलं आणि ती ओळ वर्णनाच्या डोक्यावर बसवली, मॉडेलला हात लावता येणार नाही अशी. बाकीचं वर्णन उरलेल्या जागेत बसव म्हटलं. ते त्याने झकास बसवलं.

तेवढ्यात साहेब आले. हीटरवाल्याचा फोन आला होता, माल ॲपवरून गायब का म्हणून. साहेबांनी नवं वर्णन वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांचं म्हणणं असं की पहिली ओळच अशी असेल तर विकत कोण घेणार. इशारा खोक्यावर छापलेला असतोच. आणि मुळात तिन्ही दिवे हिरवे असताना हिने नाक खुपसायचं कारणच काय?

कात्री म्हणाली, खोका घरी आल्यावर उघडतात, तोवर खिडकी लावलेली असते. ओळ निघणार नाही.

साहेब तापले. मग बंदी यादीत 'जीव' घाला, म्हणाले, आपोआप निघेल.

चष्मेवाल्याने मान खाली घातली. कात्री मात्र खुर्चीवरून उठली आणि खुर्ची साहेबांकडे फिरवली.

"मी घालणार नाही. तुम्ही घाला, तुमच्या लॉगिनने."

साहेब बसले. रागात माणूस बसतोच. त्यांनी यादी उघडली, 'जीव' टाइप केलं. खाली दुसरा रकाना आला, शब्द बंद करण्याचं कारण. तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. त्याच्याखाली साहेबांचं नाव आपोआप उमटलं होतं.

साहेबांनी दोन अक्षरं टाइप केली, पुसली. पुन्हा केली, पुन्हा पुसली.

"लिहा ना," कात्री म्हणाली. "माझ्या सासूला कळू नये म्हणून, असं लिहा. खरं आहे ते. तिसरी तपासणीसुद्धा पास करेल."

साहेबांनी काहीच न घालता यादीची खिडकी बंद केली आणि उठले. हीटरवाला ऐकणार नाही, त्याला काय तोंड दाखवू, असं पुटपुटत ते दाराकडे वळले.

"त्याचा नंबर द्या," कात्री म्हणाली. "मीच सांगते त्याला."

साहेबांनी नंबर सांगितला. तिने लिस्टिंग ॲपवर चढवली, त्या ओळीसकट, आणि मग हीटरवाल्याला फोन लावला.