शेजारची पदं

हरिबा क्षीरसागर वर्गात कुणाला 'चूक' म्हणून कधी म्हणायचे नाहीत. बाकांमधून फिरताना कुणाच्या वहीत घोळ दिसला की नुसतं 'च्च' करायचे आणि पुढे जायचे. ज्याच्यापाशी 'च्च' झालं, त्यानं आपली चूक आपण शोधायची. सोलापुरात त्यांच्या हाताखालून गेलेली बी.एस्सी.ची पोरं सांगत, सरांचं 'च्च' कधी फुकट जात नाही.

त्या वर्षी एप्रिलच्या उन्हात गणिताच्या पेपरला त्यांना पर्यवेक्षक म्हणून उभं केलं. खरं तर ज्याचा विषय त्यानं त्या पेपरला वर्गावर जायचं नाही, असा दंडक. पण दोघे प्राध्यापक आजारी पडले होते, माणूस मिळेना. प्राचार्यांनी बजावलं, "क्षीरसागर, तोंडाला कुलूप. कॉपी पकडणारं भरारी पथक आज आपल्याच कॉलेजात आहे." हरिबांनी मान हलवली. तोंड उघडायचा त्यांचा विचारही नव्हता.

खिडकीशी रुद्राणी बसली होती. मार्केट यार्डातल्या गुरप्पा अडत्यांची मुलगी, घरी कानडी बोलणारी, डोक्यानं तल्लख आणि स्वभावानं भित्री. पहिला वर्ग मिळाला तर एम.एस्सी.ला कोल्हापूरला पाठवीन, नाही तर घरात बस, असं गुरप्पांनी चारचौघांत सांगितलं होतं. आधीचा पेपर बेताचाच गेला होता. सगळी भिस्त आजच्यावर. आणि आजच्या पेपरातला सगळ्यात मोठा प्रश्न कोशी या फ्रेंच गणितज्ञाच्या कसोटीचा होता.

ओळीनं येणाऱ्या आकड्यांची एक क्रमिका. तिचं पहिलं पद एक, दुसरं दोन, आणि पुढचं प्रत्येक पद आधीच्या दोघांची सरासरी. ती अभिसारी आहे, म्हणजे पुढं पुढं एकाच आकड्याकडं सरकत जाते, हे कोशीच्या कसोटीनं दाखवा. तो आकडा, म्हणजे सीमा, किती ते कुणी विचारलं नव्हतं. या कसोटीची गंमतच ती. गाडी कोणत्या गावाला पोचणार हे ठाऊक नसलं तरी कुठंतरी पोचणार हे सांगता येतं. अट एकच, पुरेसं पुढं गेल्यावर कुठलीही दोन पदं एकमेकांच्या हवी तेवढी जवळ असली पाहिजेत. कुठलीही दोन, नुसती शेजारची नव्हेत.

इथंच पोरं मार खातात. वर्षभर हरिबांनी घसा कोरडा केला होता. एक अधिक अर्धा अधिक एकतृतीयांश अधिक पाव, अशा बेरजा करत जा. शेजारच्या दोन बेरजांतला फरक आटत शून्याकडे जातो, पण कुठल्याही बेरजेपासून दुप्पट क्रमांकाच्या बेरजेपर्यंत गेलात की मध्ये निदान अर्ध्याचं अंतर उरतंच. ती बेरीज कुठंच थांबत नाही. चाचणीत रुद्राणीनं नेमकी हीच चूक केली होती. हरिबांनी 'च्च' केलं होतं, आणि ती बाकावर डोकं टेकून रडली होती.

फिरत फिरत हरिबा खिडकीशी आले. रुद्राणी लिहिलेलं उत्तर मागं जाऊन पुन्हा वाचत होती. उघड्या पानाच्या तळाशी ओळ होती : शेजारच्या दोन पदांतला फरक दर वेळी निम्मा होतो, म्हणून तो शून्याकडे जातो. पुन्हा तेच! आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं, नको तिथं, तोंडातून निघून गेलं, "च्च."

रुद्राणीनं वर पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. हरिबा गडबडीनं पुढे सरकले.

दुसऱ्या फेरीला ते परत आले तेव्हा पंख्याच्या वाऱ्यानं तिची पुरवणी उलटली होती, आणि त्यांना पुढचं पान दिसलं. तिनं तिथं शेजारचे ते फरक ओळीनं मांडले होते. दूरच्या दोन पदांतलं अंतर मधल्या सगळ्या फरकांच्या बेरजेहून जास्त नसतं. फरक दर वेळी निम्मे होतात, म्हणून कितीही मिळवले तरी बेरीज पहिल्या फरकाच्या दुपटीच्या आतच राहते. आणि तो पहिला फरक पुढं जाऊ तसा हवा तेवढा लहान होतो. म्हणजे कुठलीही दोन पदं! सिद्धता चोख होती. बापरे, पोरगी शिकली होती की! ती शेजारचा फरक घेऊन थांबली नव्हती, तिथून सुरुवात करत होती. थांबले होते हरिबा, एका ओळीवर.

दोन्ही पानांवर तिरक्या रेघा ओढलेल्या होत्या.

खोडलेलं कुणी तपासत नाही. रुद्राणी आता कोऱ्या कागदावर सीमाच शोधत बसली होती, घामाघूम होऊन, कुठून सुरुवात करावी ते न सुचून. हरिबांनी तोंड उघडलं. दारात पथकाचा माणूस उभा होता, बरोबर त्यांच्याकडंच बघत. आता ते बोलले तर कॉपी म्हणून पोरीचा अख्खा पेपर जाईल. हरिबांनी तोंड मिटलं. घंटा होईपर्यंत ते भिंतीला टेकून उभे राहिले, आणि त्यांना स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.

पेपर गोळा झाले. रुद्राणी व्हरांड्यात थांबली होती. डोळे सुजलेले, तरी ओठांवर हसू.

"सर, तुम्ही होता म्हणून बरं झालं. तुम्ही च्च केलं नसतं तर मी चुकीचंच लिहून आले असते की. लगेच खोडलं बघा सगळं."

हरिबा हातातल्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याची दोरी उगीचच आवळत राहिले.

"पुढं जमलं नाही ते नाही. पण सर, काय चुकलं होतं ते एवढं सांगा की. मला अजून सापडेना."