हिरव्या बटणामागची तार

तारामतीचा उजवा हात कोपरापासून गेला, त्याला वर्ष होत आलं, आणि दोष तिच्याच पदरात पडला होता. नवऱ्यानं, श्रीमंतनं, अख्ख्या जळकोटात सांगून ठेवलं होतं: लाईट गेली तेव्हा बाईनं मेन स्विच पाडला नाही, तशीच गिरणीचा पट्टा साफ करायला बसली, लाईट आली अन् गिरणी फिरली. मेन खरंच पाडला नव्हता. मग ती बोलणार कुठल्या तोंडानं?

आज गिरणीच्या स्टार्टरची कॉइल जळाली म्हणून वैजनाथ वायरमन सगळंच नवं बसवत होता. माणूस भारी बोलका, हाताबरोबर तोंडही चालू.

"वहिनी, हा कॉन्टॅक्टर. तिन्ही फेज ह्याच्यातनंच मोटारीला जात्यात. हिरवं बटण दाबलं की कॉइल ह्याला वढती. बोट काढलं तरी चालूच ऱ्हातंय, कारण हिरव्याला जोडून ह्याचाच एक पॉइंट लाईन धरून ठिवतो. लाल दाबलं की लाईन तुटली, सुटला."

त्यानं मेन चढवला, हिरवं दाबलं. खट्ट झालं, मोटार फिरली. पट्टा अजून चढवला नव्हता. मग मेन पाडून पुन्हा चढवला. मोटार गप्पच.

"बघा, लाईट जाऊन आली तरी हिरवं दाबल्याबिगर फिरत न्हाय. साफ करताना मेन पाडायचाच. पन इसरलं, तरी ही आपणहून उठत न्हाय."

"आमची तर रोज आपणहून उठायची," तारामती म्हणाली.

वैजनाथनं जुन्या स्टार्टरची पेटी उघडली. हिरव्या बटणाच्या दोन्ही स्क्रूंना तारेचा एक तुकडा जोडलेला होता. "ही कुणी टाकली? ह्यानं हिरवं कायमचं दाबल्यावानी झालं. लाल सोडलं की परत चालू व्हत असंल."

"व्हय. लाल बिघडलंय म्हणले हे. मेननंच बंद करायचो."

"बिघडलं नव्हतं, वहिनी."

दारात उभ्या श्रीमंतची मान खाली गेली. "सारखी लाईट जायची. तूच म्हणायचीस, गुडघं दुखत्यात, कितीदा उठू? बोअरच्या मोटारीला ऑटो असतंय, लाईट आली की आपणहून चालू, तसं केलं म्या. तुझ्यासाठीच केलं."

ते खरं होतं. ती तसं म्हणायची.

"मग माझी चूक म्हणून का सांगत फिरलात?"

"तुझा हात तर गेलाच व्हता," तो पुटपुटला. "माझं नाव निघालं असतं, तर दळण घेऊन कोण आलं असतं?"

वैजनाथ पक्कड-पेचकस पिशवीत भरू लागला. तारामतीला सोलापूरचा दवाखाना आठवला. शुद्धीवर आल्या आल्या तिनं याच माणसाचे पाय धरायला हात पुढं केला होता, तेव्हा तिला कळलं की हात नाही. तरी ती रडत म्हणाली होती, माझ्यामुळं तुमाला एकट्याला गिरणी वढावी लागंल, माफ करा.

आणि यानं तिला माफ केलं होतं.